अर्धा डबा की दीड चमचा? पाकिटावरील साखरेचा आकडा एका मिनिटात कसा सांगावा

१ एप्रिल २०२३ रोजी समाजमाध्यमांवर एक छोटा व्हिडिओ प्रसिद्ध झाला. ‘फूडफार्मर’ या नावाने ओळखले जाणारे रेवंत हिमतसिंगका यांनी त्यात बोर्नविटाचा डबा हातात घेऊन त्यावरील माहिती प्रेक्षकांना वाचून दाखवली होती. मुलांची ताकद वाढवणारे पेय म्हणून घरोघरी आलेल्या या पावडरीत जवळजवळ निम्मी साखर आहे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. १३ एप्रिल रोजी कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि हिमतसिंगका यांनी माफी मागून तो काढून टाकला.

कंपनीने आपल्या निवेदनात वेगळाच आकडा दिला. वीस ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये साडेसात ग्रॅम वरून घातलेली साखर असते, म्हणजे साधारण दीड चमचा, आणि मुलांसाठी सांगितलेल्या दैनंदिन मर्यादेपेक्षा ती बरीच कमी आहे, असे तिचे म्हणणे होते. एकाच डब्याविषयी एकीकडे ‘निम्मा डबा साखर’ आणि दुसरीकडे ‘दीड चमचा साखर’ असे ऐकल्यावर यातील एक बाजू खोटे बोलत असावी, असे सामान्य पालकाला वाटणे स्वाभाविक होते.

साखरेच्या आकड्यांपुरते पाहिले तर दोन्ही विधाने डब्यावरील एकाच तक्त्यातून निघाली होती. एका बाजूने शंभर ग्रॅमचा रकाना वाचला होता आणि एकूण साखर मोजली होती. दुसऱ्या बाजूने एका सर्व्हिंगचा हिशेब केला होता आणि फक्त वरून घातलेली साखर धरली होती. हा फरक कळला की पाकीटबंद पदार्थाचा तक्ता वाचता येतो. तो कळलेला नसेल, तर एका मिनिटाचा व्हिडिओ कितीही प्रामाणिक हेतूने केलेला असो, प्रेक्षकाला गोंधळातच टाकतो.

तक्त्यात काय लिहिलेले असते

भारतात पाकिटावरील माहिती अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या लेबलिंगविषयक नियमांनुसार छापली जाते. सध्याचे नियम २०२० मध्ये अधिसूचित झाले. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी किंवा कोंकणी मजकूर उत्पादकाला वाटल्यास अधिकचा म्हणून देता येतो. त्यामुळे गोव्यातील बहुतेक घरांत येणाऱ्या पाकिटांवर हा तक्ता इंग्रजीतच आढळतो, आणि तो समजण्यासाठी मोजके चार-पाच शब्द ओळखता येणे पुरेसे असते.

तक्त्याचे शीर्षक बहुधा ‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ असे असते. डावीकडे घटकांची नावे असतात: ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम वगैरे. उजवीकडे आकड्यांचे रकाने असतात. पहिल्या रकान्यावर ‘पर १०० ग्रॅम’ किंवा द्रवपदार्थ असल्यास ‘पर १०० एमएल’ असे लिहिलेले असते. दुसऱ्यावर ‘पर सर्व्ह’ असते, आणि त्याच्याच शेजारी ‘टक्के आरडीए’, म्हणजे प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या शिफारशीतील किती हिस्सा एका सर्व्हिंगने भरतो, ते दिलेले असते. तक्त्याच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत एका सर्व्हिंगचे वजन आणि पाकिटात अशी किती सर्व्हिंग आहेत, ते छापलेले असते. सगळ्यात महत्त्वाची ही ओळ नेमकी सर्वांत कमी वाचली जाते.

साखरेसाठी दोन ओळी असतात. ‘टोटल शुगर्स’ म्हणजे पदार्थातील सगळी साखर आणि तिच्याखाली ‘ॲडेड शुगर्स’ म्हणजे तयार करताना वरून घातलेली साखर. दुधात मुळात लॅक्टोज असते, फळात फ्रुक्टोज असते. ती ‘टोटल’मध्ये येते पण ‘ॲडेड’मध्ये येत नाही. याउलट साखर, गुळ, मध, ग्लुकोज सिरप हे पदार्थ तयार करताना घातले असतील, तर त्यांतील साखर दोन्ही ओळींत मोजली जाते. म्हणून साध्या, बिनसाखरेच्या दह्याच्या पाकिटावर एकूण साखर चार-पाच ग्रॅम दिसली आणि वरून घातलेली शून्य दिसली, तर त्यात काही चूक नाही. ती दुधाची स्वतःची साखर आहे.

बोर्नविटाच्या त्या वेळच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे एकूण साखर ४९.८ ग्रॅम आणि त्यांपैकी वरून घातलेली ३७.४ ग्रॅम होती. ‘निम्मा डबा’ हा शब्दप्रयोग पहिल्या आकड्यावरून आला. ३७.४ ग्रॅमचा पाचवा हिस्सा साडेसात ग्रॅम होतो, कारण वीस ग्रॅम हा शंभर ग्रॅमचा पाचवा भाग आहे. कंपनीचा ‘दीड चमचा’ तिथून आला. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला की दीड चमच्याचे साडेसात ग्रॅम होतात.

शंभर ग्रॅमचा रकाना कशासाठी

शंभर ग्रॅमचा रकाना तुलनेसाठी असतो. दुकानात दोन बिस्किटांची पाकिटे समोर असतील आणि एकाची सर्व्हिंग बारा ग्रॅमची, दुसऱ्याची तीस ग्रॅमची असेल, तर ‘पर सर्व्ह’चे आकडे शेजारी ठेवून काहीच कळणार नाही. लहान सर्व्हिंग लिहिणाऱ्या पाकिटात साखर कमी असल्याचा भास होईल. शंभर ग्रॅमच्या रकान्यात मात्र दोन्ही पाकिटे एकाच मापाने मोजलेली असतात.

या रकान्यातील आकडा कमी की जास्त, हे ठरवायला एक सरकारी मोजपट्टी उपयोगी पडते. एखाद्या पदार्थावर ‘लो शुगर’ असा दावा करायचा असेल, तर घन पदार्थात शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅमपेक्षा आणि द्रवात शंभर मिलिलिटरमागे अडीच ग्रॅमपेक्षा अधिक साखर असता कामा नये, असा नियम आहे. ‘शुगर फ्री’ म्हणण्यासाठी ही मर्यादा अर्ध्या ग्रॅमची आहे. पाकिटावर असा कोणताही दावा नसला तरी वाचकाला ही मोजपट्टी स्वतः लावून पाहता येते.

तुलना करताना एक चूक हमखास होते. दुधात घालायच्या पावडरीचा शंभर ग्रॅमचा आकडा आणि बाटलीतील थंड पेयाचा शंभर मिलिलिटरचा आकडा शेजारी ठेवून ‘ही पावडर कोल्ड्रिंकपेक्षा तिपटीने गोड’ असे सांगितले जाते. पावडर कोणी शंभर ग्रॅम खात नाही, ती दुधात विरघळवली जाते. पेय मात्र जसे आहे तसे प्यायले जाते. म्हणून पावडरीची तुलना पावडरीशी, पेयाची पेयाशी आणि बिस्किटाची बिस्किटाशी करणेच योग्य. काही पावडरींच्या तक्त्यात ‘दुधासह’ असा आणखी एक रकाना असतो. त्यात दुधातील साखरही मिसळलेली असते, हे लक्षात ठेवले नाही तर हिशेब फसतो.

सर्व्हिंग कोण ठरवते

पोटात प्रत्यक्ष किती साखर गेली, हे सर्व्हिंगवरून कळते. मात्र पाकिटावर छापलेली सर्व्हिंग उत्पादकाने ठरवलेली असते. घरातला चमचा किती मोठा आहे, तो सपाट भरला जातो की शिगोशीग, मुलाला किती गडद पेय आवडते, यांतले काहीही त्या छापील आकड्याला ठाऊक नसते. अमेरिकेत सर्व्हिंगसाठी लोक प्रत्यक्षात किती खातात यावर आधारलेली संदर्भमापे सरकार ठरवून देते. २०१६ मध्ये तेथे नियम बदलले तेव्हा शीतपेयाचे माप आठ औंसांवरून बारा औंसांवर नेण्यात आले, कारण लोक तितके पितात असे दिसून आले होते.

पेयाच्या बाटलीवर हा फरक चटकन दिसतो. समजा, सहाशे मिलिलिटरची बाटली आहे आणि शंभर मिलिलिटरमागे अकरा ग्रॅम साखर लिहिली आहे. सर्व्हिंग दोनशे मिलिलिटरची असेल, तर ‘पर सर्व्ह’ रकान्यात बावीस ग्रॅम दिसतील. बाटली उघडणारा माणूस मात्र ती तीन जणांत वाटत नाही. उन्हाच्या दिवसांत एकट्याने संपवली, तर त्याच्या पोटात सहासष्ट ग्रॅम, म्हणजे तेरा चमचे साखर जाते. तक्त्यात यातले काहीही खोटे लिहिलेले नसते. फक्त तीनने गुणायचे काम वाचणाऱ्यावर सोडलेले असते.

पावडरीच्या बाबतीत हा हिशेब नजरेला दिसत नाही. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर रिकामा पेला काट्यावर ठेवून, काटा शून्यावर आणून, रोजच्या सवयीने पावडर घालून पाहावी. काटा नसेल, तर डबाच काट्याचे काम करतो. डब्यावरील निव्वळ वजनाला, तो संपेपर्यंत किती पेले झाले त्या संख्येने भागले की एका पेल्यात खरोखर किती पावडर गेली ते कळते.

उदाहरणार्थ, पाचशे ग्रॅमचा डबा महिन्याच्या पहिल्या तारखेला उघडला. घरातील पाच वर्षांच्या मुलाला सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा पेला मिळतो, दुसरे कोणी तो घेत नाही. आठव्या दिवशी रात्री डबा रिकामा झाला. सोळा पेल्यांत पाचशे ग्रॅम गेले, म्हणजे एका पेल्यात सुमारे एकतीस ग्रॅम. छापील सर्व्हिंगच्या हिशेबाने हा डबा पंचवीस पेल्यांना पुरायला हवा होता.

२०२३ च्या तक्त्याप्रमाणे, शंभर ग्रॅममागे ३७.४ ग्रॅम या दराने, एकतीस ग्रॅम पावडरीत सुमारे साडेअकरा ग्रॅम वरून घातलेली साखर येते. दोन पेल्यांची तेवीस ग्रॅम झाली. आई किंवा आजी प्रत्येक पेल्यात सवयीने आणखी एक चमचा साखर घालत असेल, तर दहा ग्रॅम वाढून आकडा तेहतीसवर जातो. दीड चमच्याचे साडेसहा चमचे झाले. यात कंपनीने काही लपवलेले नाही. छापील सर्व्हिंग आणि घरातला पेला यांच्यात जे अंतर आहे, ते कोणी मोजले नव्हते एवढेच.

टक्केवारी कोणाची

तेहतीस ग्रॅम जास्त की कमी, हे ठरवायला लोक टक्केवारीच्या रकान्याकडे वळतात, आणि इथे आणखी एक खाचखळगा आहे. हा रकाना दिवसाला दोन हजार किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसासाठी काढलेला असतो. त्यासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा पन्नास ग्रॅम धरली जाते. दोन हजार किलोकॅलरीचे दहा टक्के म्हणजे दोनशे किलोकॅलरी, आणि एक ग्रॅम साखरेतून चार किलोकॅलरी मिळतात, म्हणून पन्नास ग्रॅम. त्या हिशेबाने साडेसात ग्रॅम साखर म्हणजे पंधरा टक्के.

पाच वर्षांच्या मुलाला मात्र दोन हजार किलोकॅलरी लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाची ऊर्जेची गरज दिवसाला साधारण १३६० किलोकॅलरी आहे. मोफत किंवा वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी ठेवावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला मुलांनाही लागू आहे. १३६० किलोकॅलरीचे दहा टक्के म्हणजे १३६, चारने भागले की चौतीस ग्रॅम. त्यामुळे पाकिटावर पंधरा टक्के दिसणारी साडेसात ग्रॅम साखर या मुलाच्या मर्यादेच्या बावीस टक्के होते.

वरच्या उदाहरणातील मुलाची तेहतीस ग्रॅम साखर ही त्याच्या जवळजवळ सगळ्या दिवसाची मर्यादा आहे, आणि ती दोन पेल्यांतच संपली. शाळेच्या डब्यातले क्रीमचे बिस्किट, शेजारच्या वाढदिवसाचा केक, जेवणानंतरचे चॉकलेट यांसाठी काही उरलेच नाही. जागतिक आरोग्य संघटना याच सल्ल्यात पाच टक्क्यांपर्यंत खाली आले तर अधिक लाभ होईल असेही सुचवते. त्या मापाने हे मूल मर्यादेच्या दुप्पट साखर घेत आहे.

नावे बदललेली साखर

तक्त्याशेजारी घटकांची यादी असते. पदार्थ तयार करताना ज्याचे वजन सर्वांत जास्त ते सर्वांत आधी, या उतरत्या क्रमाने ती लिहावी लागते. पहिल्या तीन नावांत साखर असेल, तर पदार्थ बराच गोड आहे हे तक्ता न पाहताही सांगता येते. मात्र साखर एकाच नावाने येईल असे नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, मध, गुळ अशी निरनिराळी नावे यादीत विखुरलेली असली, तर प्रत्येकाचे वजन वेगळे मोजले जाते आणि एकही वरच्या क्रमांकावर येत नाही. अशा वेळी यादीपेक्षा तक्त्यातील ‘ॲडेड शुगर्स’ची ओळ अधिक विश्वासार्ह, कारण तिथे या सगळ्यांची बेरीज झालेली असते.

माल्टोडेक्स्ट्रिनची गोष्ट वेगळी आहे. ते स्टार्चपासून बनते, रासायनिकदृष्ट्या साखरेच्या व्याख्येत बसत नाही आणि तक्त्यात बहुतांशी कर्बोदकांमध्ये मोजले जाते. शरीरात मात्र त्याचे ग्लुकोज लवकर होते. मधुमेही वाचकाने म्हणूनच साखरेच्या ओळीवर न थांबता तिच्या वरची ‘कार्बोहायड्रेट’ची ओळही पाहायला हवी. याचा उलटा अर्थ काढून सगळ्या कर्बोदकांना साखर म्हणणेही चूकच. पोहे किंवा नाचणीच्या पाकिटावर कर्बोदके सत्तर ग्रॅमपर्यंत दिसतील. ती मुख्यतः स्टार्च आहेत.

साठ सेकंदांत काय दाखवावे

हे सगळे एका मिनिटाच्या व्हिडिओत मावणार नाही, आणि मावण्याची गरजही नाही. शाळेतील शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा स्वयंसाहाय्य गटातील महिला असा व्हिडिओ करणार असतील, तर त्यांनी एकच पदार्थ आणि एकच प्रश्न घ्यावा: आपल्या घरातल्या एका पेल्यात किती साखर गेली? त्यासाठी चार दृश्ये पुरतात.

पहिल्या दहा सेकंदांत तक्ता दाखवावा. चमकदार पाकिटावर प्रकाश परावर्तित होऊन आकडे दिसेनासे होतात. त्यामुळे खिडकीच्या बाजूच्या मंद उजेडात, पाकीट किंचित तिरपे धरून, कॅमेरा किमान तीन सेकंद स्थिर ठेवावा. बोट ‘पर १०० ग्रॅम’ या शब्दांवर आणि मग ‘ॲडेड शुगर्स’च्या आकड्यावर ठेवावे. नुसता आकडा दाखवून रकान्याचे शीर्षक चौकटीबाहेर ठेवले, तर व्हिडिओची विश्वासार्हता तिथेच संपते, कारण तो आकडा कशामागचा हे प्रेक्षकाला पडताळता येत नाही.

दुसऱ्या दृश्यात सर्व्हिंगची ओळ आणि तिचे वजन दाखवावे. तिसऱ्यात वजनकाट्यावर पेला ठेवून घरच्या सवयीने पावडर घालावी आणि काट्यावरील आकडा दिसू द्यावा. चौथ्यात गुणाकार पडद्यावर लिहून, तितकी साखर काट्यावरच मोजून बशीत ओतावी. चमच्याने मोजायचे असेल तर चमचा सपाट हवा. शिगोशीग चमच्यात बरीच जास्त साखर बसते आणि मग चमच्यांची संख्या कमी दिसते. बशीतील साखरेचा ढीग प्रेक्षकाच्या मनात सर्वांत जास्त राहतो. म्हणून तो नेमका असणे आवश्यक आहे.

या चार दृश्यांवर बोलायचा मजकूर साधारण असा होऊ शकतो:

“या डब्यावर पहिला रकाना आहे शंभर ग्रॅमचा. वरून घातलेली साखर लिहिली आहे ३७.४ ग्रॅम. खाली पाहा, एक सर्व्हिंग म्हणजे वीस ग्रॅम. त्यात साडेसात ग्रॅम साखर, दीड चमचा. आता आमच्या घरी बाळाच्या पेल्यात किती पडते ते बघूया. काटा दाखवतो एकतीस ग्रॅम. एकतीस गुणिले ३७.४, भागिले शंभर. आली साडेअकरा ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांहून जास्त. दिवसाला दोन पेले, तेवीस ग्रॅम. पाच वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादा चौतीस. तुमच्या घरचा डबा घ्या, तुमचा पेला मोजा. आकडा तुमचा वेगळा येईल.”

शेवटचे वाक्य वगळू नये. पावडर बदलली, चमचा बदलला किंवा कंपनीने घटकांचे प्रमाण बदलले की आकडा बदलतो. व्हिडिओत पाकिटावरील उत्पादनाची तारीख दाखवावी, म्हणजे वर्षभराने पाहणाऱ्याला तो कोणत्या तक्त्याविषयी होता ते कळेल.

आणखी एक पथ्य २०२३ च्या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. त्या व्हिडिओत साखरेबरोबरच पावडरीतील रंगद्रव्यामुळे कर्करोगाचा धोका असल्याचाही उल्लेख होता. कंपनीने त्यावर आक्षेप घेत सर्व घटक सुरक्षित आणि मान्यताप्राप्त असल्याचे सांगितले. साखरेचा आकडा डब्यावर छापलेला होता आणि कोणालाही पडताळता येत होता. रंगद्रव्याविषयीचे विधान तसे नव्हते. पडताळता येणाऱ्या विधानाशेजारी वादग्रस्त विधान ठेवले की सगळी चर्चा दुसऱ्याकडे वळते. तक्ता वाचून दाखवणाऱ्याने तक्त्याबाहेर जाऊ नये. ‘विष’, ‘मधुमेहाची तयारी’ असे शब्द टाळले तरी बशीतला साखरेचा ढीग आपले काम करतोच.

पुढे काय झाले

व्हिडिओ काढून टाकला गेला, पण प्रश्न उरला. एप्रिल २०२३ मध्येच राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीला नोटीस पाठवून दिशाभूल करणाऱ्या जाहिराती, वेष्टन आणि लेबल यांचा आढावा घेऊन ते मागे घेण्यास सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने वरून घातलेली साखर शंभर ग्रॅममागे ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणली. वरच्या उदाहरणातील एकतीस ग्रॅमच्या पेल्यात त्यामुळे साडेअकराऐवजी दहा ग्रॅम साखर येते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्याची सूचना केली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी संज्ञाच नाही.

लेबल अधिक स्पष्ट करण्याचे कामही सुरू झाले. जुलै २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश यांची माहिती ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर इशारा देण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले. अक्षर मोठे झाले तरी सर्व्हिंग घरातल्या पेल्याएवढी होणार नाही. तो हिशेब घरातच करावा लागेल.

तक्त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. फार लहान पाकिटांना, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंत पृष्ठभाग असलेल्यांना, पोषणतक्ता छापण्यापासून सूट मिळू शकते. ती माहिती मग मोठ्या वेष्टनावर असते, आणि शाळेजवळच्या दुकानात सुटी पाकिटे घेणाऱ्या मुलाला ते वेष्टन कधी दिसतच नाही. बेकरीतला केक, मिठाईच्या दुकानातला सुटा पेढा, रसाच्या गाड्यावरचा पेला यांनाही असा तक्ता नसतो. पाकिटावर तक्ता असायला हवा आणि नाही, किंवा आकडे खोडून त्यावर चिकटपट्टी लावली आहे असे आढळले, तर पाकीट फेकून न देता बिलासह जपून ठेवावे आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. निव्वळ छायाचित्रापेक्षा बॅच क्रमांकासह असलेले मूळ पाकीट तपासाला अधिक उपयोगी पडते.

पुढचा डबा उघडाल तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख लिहून ठेवा आणि तो संपेल त्या दिवशी पेले मोजा. निव्वळ वजनाला त्या संख्येने भागले की तुमच्या घरची सर्व्हिंग मिळते. ती डब्यावर छापलेल्या सर्व्हिंगशी जुळली, तर कंपनीचा ‘दीड चमचा’ तुमच्या घरी खरा आहे. जुळली नाही, तर खरा आकडा तुमच्या हातात आहे.